पुस्तकात ५०, प्रत्यक्षात किती? इम्पेअरमेंटची चाचणी एका छपाई यंत्रावर करून पाहू

कंपनीच्या ताळेबंदात यंत्रासमोर जो आकडा दिसतो तो त्याचा बाजारभाव नसतो. विकत घेताना दिलेली रक्कम, त्यातून आजवर वजा झालेला घसारा, आणि उरलेली बाकी, एवढाच त्याचा अर्थ. ही बाकी म्हणजे पुस्तकी किंमत. ऑडिटर तिला कॅरिंग अमाउंट म्हणतात. घसारा दरवर्षी ठरलेल्या चालीने वजा होत राहतो, पण धंदा त्या चालीने चालेलच असं नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी पुस्तकातली बाकी यंत्राच्या खऱ्या कमाईच्या खूप वर राहून जाते. यालाच इम्पेअरमेंट म्हणतात, आणि अशा वेळी पुस्तक खाली आणायला भाग पाडणारा नियम म्हणजे आयएएस ३६. हा आंतरराष्ट्रीय लेखामानक पहिल्यांदा १९९८ साली आला आणि त्याचं म्हणणं एका वाक्यात मावतं: मालमत्तेतून जेवढी रक्कम वसूल होऊ शकते, त्यापेक्षा जास्त किमतीला ती पुस्तकात ठेवू नका.

वाक्य सोपं आहे. सगळी अडचण ‘वसूल होऊ शकते’ या शब्दांत आहे, कारण मालमत्तेतून पैसे वसूल करायचे दोन रस्ते असतात. एक, ती आज विकून टाकायची. दोन, ती शेवटपर्यंत वापरायची आणि तिच्या कमाईतून पैसे काढायचे. पहिल्या रस्त्याचा आकडा म्हणजे रास्त मूल्य वजा विक्रीखर्च. दुसऱ्याचा आकडा म्हणजे वापर-मूल्य. या दोहोंतला जो मोठा, ती वसूलयोग्य रक्कम. पुस्तकी किंमत तिच्यापेक्षा जास्त असेल, तर मधला फरक तोटा म्हणून दाखवायचा.

मोठा आकडा घेण्याला पुष्कळ जण सुरुवातीला बिचकतात. हिशेबात सावधपणा हवा, मग लहान आकडा का नाही? उत्तर मालकाच्या वागण्यात आहे. विकून जास्त मिळत असेल तर शहाणा मालक विकेल, वापरून जास्त मिळत असेल तर वापरत राहील. कमी पैसे देणारा रस्ता त्याच्यावर कोणी लादत नाही. म्हणून वसुलीचा खरा अंदाज चांगल्या रस्त्यावरूनच येतो.

आता उदाहरण घेऊ. एका मुद्रण कंपनीकडे नियतकालिकं छापणारं मोठं ऑफसेट यंत्र आहे. त्याच्या ऑर्डरी स्वतंत्र येतात, त्याची कमाई वेगळी मोजता येते. यंत्र १०० लाखांना घेतलं होतं (चलन कोणतंही धरा). आयुष्य १० वर्षं, शेवटी भंगाराची किंमत शून्य, घसारा दरवर्षी १० लाख. पाच वर्षं झाली आहेत, म्हणजे पुस्तकी किंमत ५० लाख.

ही चाचणी दरवर्षी प्रत्येक यंत्राची करावी लागत नाही. दरवर्षी करायचं ते एवढंच, की मूल्य घसरल्याची काही खूण दिसते का ते पाहायचं. खूण दिसली तरच पूर्ण गणित. गुडविल म्हणजे दुसरा धंदा विकत घेताना त्याच्या नावापोटी मोजलेली जादा रक्कम. हे गुडविल, आयुष्याची मर्यादा न ठरवलेल्या अमूर्त मालमत्ता आणि अजून वापरायला तयार न झालेल्या अमूर्त मालमत्ता मात्र याला अपवाद आहेत. त्यांची चाचणी खूण असो वा नसो, वर्षातून एकदा होतेच. आपल्या यंत्राच्या बाबतीत खुणा उघड आहेत. वाचक पडद्याकडे वळल्यामुळे दोन मोठी मासिकं बंद झाली, यंत्र आठवड्यातले काही दिवस नुसतं उभं असतं, आणि यंदाची कमाई अंदाजापेक्षा बरीच कमी आली. यातलं पहिलं कारण बाहेरचं, उरलेली दोन आतली. बाहेरच्या खुणांमध्ये एक अशी आहे जिच्याकडे यंत्रावर काम करणाऱ्यांचं लक्ष जात नाही: बाजारातले व्याजदर वाढणं. यंत्र तेच, ऑर्डरी त्याच, तरी दर वाढला की पुढच्या पैशांची आजची किंमत घटते.

विक्रीचा आकडा आधी काढू, कारण तो सोपा आहे. जुन्या छपाई यंत्रांचा व्यवहार करणाऱ्यांकडे अशाच बनावटीच्या, एवढ्याच वापरलेल्या यंत्रांचे अलीकडचे सौदे ४० लाखांच्या आसपास झाले आहेत. हे रास्त मूल्य. घाईत, नडलेल्या माणसाने केलेल्या विक्रीचा भाव इथे चालत नाही. दोन्ही बाजूंना माहिती आहे आणि कोणावर सक्ती नाही, अशा सौद्याचा भाव हवा. त्यातून विक्रीमुळेच होणारे खर्च वजा करायचे: यंत्र सोडवून घेणाऱ्याच्या गाडीत चढवून देण्याचे अडीच लाख, दलालीचा एक लाख, कागदपत्रं आणि वकिलाचे पन्नास हजार. उरले ३६ लाख. यंत्र गेल्यावर कामगारांना द्यावी लागणारी भरपाई, किंवा विक्रीवरचा आयकर, हे यात धरत नाहीत.

३६ हा ५० पेक्षा कमी आहे, म्हणून पुढे जावं लागतं. हाच आकडा ५० च्या वर आला असता तर चाचणी इथेच संपली असती. दोनपैकी एक जरी पुस्तकी किमतीच्या वर गेला, तरी दुसरा काढायची गरज उरत नाही. हा छोटा मार्ग कामाचा आहे, कारण वापर-मूल्य काढणं कष्टाचं असतं आणि वादाचंही.

वापर-मूल्यासाठी यंत्राच्या उरलेल्या आयुष्यातली निव्वळ रोख आवक लिहून काढायची. छपाईचे येणारे पैसे, त्यातून शाई, वीज, मजुरी आणि यंत्र आहे त्या स्थितीत टिकवायची देखभाल वजा. कागद गिऱ्हाईकच पुरवतं असं धरू. कर्जाचं व्याज यात येत नाही, आयकरही येत नाही. घसारा तर नाहीच, तो मुळात रोख खर्च नव्हे. मग प्रत्येक वर्षाची रक्कम डिस्काउंट दराने आजच्या किमतीत आणायची. दर १२ टक्के धरू आणि पैसे वर्षाअखेर हाती येतात असं मानू.

| वर्ष | निव्वळ रोख (लाख) | आजची किंमत (लाख) |
|---|---|---|
| १ | १५ | १३.४ |
| २ | १२ | ९.६ |
| ३ | १० | ७.१ |
| ४ | ८ | ५.१ |
| ५ | ६ | ३.४ |
| एकूण | ५१ | ३८.६ |

वापर-मूल्य ३८.६ लाख. विक्रीतून ३६, वापरातून ३८.६, मोठा आकडा ३८.६. पुस्तकात ५० आहेत, म्हणून तोटा ११.४ लाख. तो नफा-तोटा पत्रकात जातो आणि ताळेबंदात यंत्र ३८.६ वर येतं. (यंत्राचं पूर्वी पुनर्मूल्यांकन करून किंमत वाढवलेली असती, तर तोटा आधी त्या वाढीतून वळता झाला असता. इथे तसं नाही.) या नोंदीने कंपनीच्या खात्यातून एक पैसाही बाहेर जात नाही. पैसा पाच वर्षांपूर्वीच गेला. तो सगळा परत येणार नाही, हे आज कबूल झालं.

अमेरिकेच्या लेखानियमांत हेच यंत्र वेगळं दिसलं असतं, तेही पाहण्यासारखं आहे. तिथे वापरात असलेल्या मालमत्तेसाठी पहिली पायरी असते ती डिस्काउंट न केलेल्या रोखीची. आपल्या तक्त्यातली मधली बेरीज ५१ आहे आणि पुस्तकी किंमत ५०. एकावन्न जास्त, म्हणून तोटाच नाही. तेच यंत्र, तेच अंदाज, आणि एका पुस्तकात ११.४ लाखांचा तोटा तर दुसऱ्यात शून्य. माझ्या मते आयएएस ३६ ची रीत जास्त प्रामाणिक आहे, कारण पाच वर्षांनी मिळणारे सहा लाख आणि आजचे सहा लाख एकच धरणं धंद्यात कोणाला मान्य होणार नाही.

आता खरी लढाई कुठे होते ते सांगतो. विक्रीचा आकडा बाहेरून येतो, त्यात फारशी ओढाताण करता येत नाही. वापर-मूल्य मात्र आतल्या माणसांच्या अंदाजांवर उभं असतं, आणि ज्याच्या विभागाला तोटा लागणार असतो त्याच्याकडेच अंदाज मागितले जातात. म्हणून छापखान्याचा व्यवस्थापक म्हणतो, “पुढच्या वर्षी आपण या यंत्राला डिजिटल युनिट जोडणार आहोत. सहा लाख खर्च येईल, पण दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी पाच लाख जास्त मिळतील. ते धरा ना.” धरून पाहू. पहिल्या वर्षी १५ मधून ६ गेले, राहिले ९. पुढे १७, १५, १३, ११. बारा टक्क्यांनी याची आजची किंमत ४६.८ लाख होते आणि तोटा ११.४ वरून थेट ३.२ वर येतो.

त्याची योजना चुकीची नाही, कदाचित उत्तमही असेल. पण वापर-मूल्य मालमत्तेच्या आजच्या स्थितीत काढायचं असतं. जी सुधारणा अजून झालेली नाही तिचा खर्चही धरायचा नाही आणि फायदाही नाही. कंपनीने अजून स्वतःला बांधून घेतलेलं नाही अशा पुनर्रचनेचंही तेच. देखभाल आणि सुधारणा यांतली रेघ इथे महत्त्वाची ठरते. रोलर झिजले म्हणून बदलणं ही देखभाल, तिचा खर्च तक्त्यात आलाच पाहिजे. यंत्र पूर्वी करत नव्हतं ते करू लागावं म्हणून काही जोडणं ही सुधारणा.

गंमत म्हणजे रास्त मूल्यावर हे बंधन नाही. तिथे प्रश्न असतो तो बाजारातल्या खरेदीदारांचा. बहुतेक खरेदीदार हे यंत्र घेऊन त्याला डिजिटल युनिट जोडणारच असतील आणि ती शक्यता धरून भाव देत असतील, तर तो भाव रास्त मूल्यात आपोआप उतरतो. म्हणून व्यवस्थापकाला उत्तर असं द्यावं की तुमची कल्पना इतकी पटण्यासारखी असेल, तर ती बाजारभावात दिसू दे. आपल्या उदाहरणात ती दिसत नाही, सौदे ४० लाखांनाच होताहेत. मानक ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने मार्च २०२४ च्या मसुद्यात वापर-मूल्यावरचं हे बंधन काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला होता, तेव्हा हा मुद्दा त्यांच्याही दृष्टीने वादाचाच आहे.

अंदाज फुगलेले आहेत का, हे ओळखायची सगळ्यात चांगली रीत मागे वळून पाहण्याची. गेल्या तीन वर्षांत याच विभागाने काय अंदाज दिले होते आणि हाती काय आलं, हे शेजारी शेजारी मांडायचं. फरक का पडला हे तपासायला मानकही सांगतं. तीन वर्षं सलग घसरण आणि चौथ्या वर्षापासून अचानक चढण, असा आलेख दिसला की त्या चढणीमागे सह्या झालेले करार आहेत का हे विचारायचं. अंदाज शक्यतो पाच वर्षांपलीकडे ताणू नयेत, आणि त्यापुढे वाढ धरायचीच असेल तर ती स्थिर किंवा उतरती असावी, असं मानकाचं म्हणणं आहे. आपल्या यंत्राचं आयुष्यच पाच वर्षं उरलं असल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

दुसरी जागा डिस्काउंट दराची. १२ ऐवजी १० टक्के धरले तर वापर-मूल्य ४०.३ होतं, १५ धरले तर ३६.२. पंधराला ते विक्रीच्या आकड्याच्या अगदी जवळ येऊन ठेपतं. दर कुठून आणायचा? पुष्कळदा कंपनी आपल्या कर्जाचा दर पुढे करते. पण यंत्रातली जोखीम यंत्राची असते, ते कर्जाने घेतलं की स्वतःच्या पैशाने यावर ती ठरत नाही. कंपनीच्या एकूण भांडवलाचा सरासरी खर्च सुरुवातीला घेता येतो, मग तो या धंद्याच्या जोखमीप्रमाणे जुळवून घ्यायचा. कर वजा न केलेल्या रोखीला करपूर्व दरच लावायचा, नाहीतर दोन बाजू जुळत नाहीत. आणि जोखीम एकदाच मोजायची. ऑर्डरी अनिश्चित आहेत म्हणून रोखीचे आकडे आधीच कापले असतील, तर त्याच कारणासाठी दर चढवायचा नाही.

तोटा नोंदवला म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण एक गोष्ट पुष्कळदा निसटते. यंत्र आता ३८.६ वर आहे, पाच वर्षं उरली आहेत, म्हणून घसारा वर्षाला ७.७ लाख असं लिहून लोक मोकळे होतात. एक वर्ष पुढे जाऊन पाहा. पुस्तकात ३०.९ राहतील. सगळं अंदाजाबरहुकूम घडलं असं धरलं, तरी उरलेल्या १२, १०, ८, ६ यांची त्या दिवशीची किंमत २८.२ भरते. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना पुस्तक पुन्हा वर राहिलं! कारण कमाई सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी आहे, तर घसारा सपाट आहे. म्हणून इम्पेअरमेंटची खूण दिसली की उरलेलं आयुष्य आणि घसाऱ्याची पद्धतही तपासायला हवी. घसारा कमाईच्या प्रमाणात लावता येत नाही, पण छापलेल्या प्रतींच्या प्रमाणात येतो. समजा उरलेल्या छपाईपैकी ३० टक्के पहिल्या वर्षी होणार, मग २४, २०, १५ आणि ११. पहिल्या वर्षाचा घसारा ११.६ होतो, पुस्तकात २७ राहतात, आणि ही रक्कम २८.२ च्या आत आहे.

आपण यंत्र एकटं कमावतं असं धरलं, ते प्रत्यक्षात विरळ. शेजारच्या बांधणी यंत्राची स्वतःची कमाई कोण सांगणार? त्याला कोणी वेगळे पैसे देत नाही. अशा वेळी जो सर्वांत छोटा गट बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे रोख मिळवतो, त्याची एकत्र चाचणी करतात, त्याला कॅश जनरेटिंग युनिट म्हणतात. गटाला तोटा लागला तर आधी त्या गटावरचं गुडविल खर्ची पडतं आणि उरलेला तोटा बाकीच्या मालमत्तांवर त्यांच्या पुस्तकी किमतींच्या प्रमाणात वाटला जातो. पण एखादी मालमत्ता विकून किती मिळतील हे माहीत असेल, तर त्याच्या खाली तिला ढकलायचं नाही. गट किती मोठा धरायचा यात लबाडीला वाव आहे: तोट्यातला छापखाना नफ्यातल्या छापखान्याबरोबर एका गटात घातला की तोटा दिसेनासा होतो. म्हणून गट दरवर्षी तेच राहिले आहेत ना हे पाहावं, आणि बदलले असतील तर कारण मागावं.

शेवटी, तोटा परत फिरवता येतो का? येतो, पण दोन अटी आहेत. आपल्या यंत्राची दोन वर्षं गेली असं धरा. छपाईच्या प्रमाणात ५४ टक्के घसारा झाला, पुस्तकात १७.८ उरले. उरलेल्या १०, ८, ६ यांची किंमत १९.६ आहे, म्हणजे पुस्तकापेक्षा १.८ जास्त. ही वाढ नोंदवता येत नाही, कारण अंदाज बदललेले नाहीत. फक्त भविष्यातले पैसे दोन वर्षांनी जवळ आले आहेत. वेळ सरल्यामुळे आलेली वाढ मानक मान्य करत नाही.

आता समजा प्रतिस्पर्धी छापखाना बंद पडला, त्याची कामं इकडे आली आणि नव्या अंदाजांनी वसूलयोग्य रक्कम २६ लाख निघाली. हा खरा बदल आहे, तोटा परत फिरवायलाच हवा. तरीही २६ पर्यंत जाता येत नाही. मूळ तोटा कधी नोंदवलाच नसता तर ५० मधून त्याच ५४ टक्क्यांनी २७ लाख घसारा जाऊन आज २३ राहिले असते, आणि तेच छत. म्हणून परत येतात ५.२ लाख, उरलेले ३ पुस्तकाबाहेर राहतात. गुडविलवर नोंदवलेला तोटा मात्र कोणत्याही कारणाने परत फिरवता येत नाही, कारण नंतर दिसणारी वाढ बहुधा कंपनीने स्वतः नव्याने कमावलेल्या नावाची असते, आणि स्वतः घडवलेलं गुडविल ताळेबंदात दाखवायला मानकांची परवानगी नाही.